'समेशन बाय पार्ट्स'मधले पार्ट्स म्हणजे नेमके कोण?

प्रश्न: "sin n / n ही सिरीज कन्व्हर्ज होते हे समेशन बाय पार्ट्सने दाखवतात, पण तिच्या टर्म्स मोनोटोन नाहीत. या पद्धतीला मराठीत 'भागशः बेरीज' म्हटलं तर चालेल का? की 'खंडशः'?"

दोन्ही नकोत असं मला वाटतं. 'भागशः' म्हटलं की माणसाच्या डोक्यात तुकडे पाडून बेरीज करणं येतं, आणि गंमत म्हणजे या सिरीजमध्ये तो मोह होतोच. sin n ची चिन्हं लिहून बघा, 1 ते 3 अधिक, 4 ते 6 उणे, 7 ते 9 परत अधिक, मग वाटतं तीन-तीनचे गठ्ठे बांधावेत, गठ्ठे आलटून पालटून अधिक-उणे येतील आणि लायब्निट्झची कसोटी लावून मोकळं व्हावं. हे 21 पर्यंत मस्त चालतं. मग 22 ते 25 असे चार उणे एकदम येतात, कारण 22/7 हा पाय पेक्षा किंचित मोठा, म्हणजे 22 हा 7π च्या जरासा पुढे पडतो, आणि गठ्ठ्यांचा हिशेब बिघडतो. गठ्ठे पायप्रमाणे कमीजास्त करून पुढे जाता येतं, पण किचकट काम आहे, आणि ती पद्धत वेगळीच.

इथले पार्ट्स म्हणजे गुणाकारातले दोन घटक, इथे sin n आणि 1/n. शाळेत आपण ज्याला अवयव म्हणतो तेच की! म्हणून माझं मत 'अवयवशः बेरीज'. (इंटिग्रेशनला आपल्याकडे 'संकलन' म्हणतात, त्यामुळे इथे संकलन शब्द घेतला तर नवा घोळ, साधी 'बेरीज' बरी.)

आता ती करतात काय, तर हे बँकेत रोज घडतं. समजा पहिल्या दिवशी 100 भरले, दुसऱ्या दिवशी 50, तिसऱ्या दिवशी 30 काढले. व्याजासाठी एक तर प्रत्येक रक्कम किती दिवस राहिली ते बघा: 100×3 + 50×2 − 30×1 = 370. नाहीतर रोजची शिल्लक मिळवत जा: 100 + 150 + 120 = 370. उत्तर तेच. रकमांचा हिशेब सोडून शिल्लकेचा हिशेब करणं, एवढीच ही युक्ती. नॉर्वेच्या आबेलनं 1826 मध्ये द्विपद श्रेणीवरच्या लेखात ती वापरली, म्हणून तिला आबेलचंही नाव आहे.

आपल्या सिरीजमध्ये sin 1, sin 2, sin 3... या रकमा, त्यांची चालू बेरीज S_n ही शिल्लक. 2 sin(1/2) ने गुणलं की प्रत्येक sin k चं cos(k − 1/2) − cos(k + 1/2) होतं, मधलं सगळं एकमेकांना खातं आणि उरतं

S_n = (cos(1/2) − cos(n + 1/2)) / (2 sin(1/2))

म्हणजे शिल्लक कायम साधारण −0.13 ते 1.96 च्या मध्येच डुलते, दोनच्या वर कधीच जात नाही. आकडे घालून बघा: 0.84, 1.75, 1.89, 1.14, 0.18, −0.10, मग परत वर. आता

sin 1/1 + ... + sin N/N = S_N/N + Σ S_n (1/n − 1/(n+1))

यातली Σ n = 1 ते N − 1. पहिली टर्म 2/N पेक्षा मोठी नाही, ती शून्याकडे जाते. दुसरीतल्या कंसांची बेरीज कितीही लांबवली तरी 1 च्या आत राहते, त्यांना दोनच्या आतली शिल्लक गुणली, तर ती ॲब्सोल्यूटली कन्व्हर्ज होते. झालं. (बेरीज (π − 1)/2, म्हणजे 1.07 च्या आसपास येते, पण ते या युक्तीतून कळत नाही, त्याला फूरिए लागतो.)

आणि तुमच्या 'मोनोटोन नाहीत'बद्दल. टर्म्स मोनोटोन नसल्या तरी काही बिघडत नाही, मोनोटोन 1/n हा अवयव हवा, कारण त्यामुळे वरचे सगळे कंस धन राहतात आणि त्यांची बेरीज ताब्यात राहते. दुसऱ्या अवयवाकडून फक्त शिल्लक वाढत जाऊ नये एवढीच अपेक्षा. ती कुठे मोडते ते बघायचं तर sin²n / n घ्या, तिथे शिल्लक n/2 च्या वेगानं वाढते आणि सिरीज खरंच डायव्हर्ज होते. |sin n| तर sin²n पेक्षा लहान नसतोच, त्यामुळे आपली मूळ सिरीज चिन्हं पुसली की तीही डायव्हर्ज, म्हणजे ती जी तगते ती निव्वळ अधिक-उणेच्या वजावटीवर.