आईला घरभाडं द्यायचं की फक्त पावती लावायची?

प्रश्न: मी 38 वर्षांचा, नाशिकला कंपनीत नोकरीला आहे. बेसिक महिना 80 हजार, एचआरए 32 हजार, इतर भत्ता 20 हजार. आईच्या नावावरच्या टू बीएचकेमध्ये आम्ही सगळे राहतो. आईला 22 हजार फॅमिली पेन्शन आहे. पुण्यात फ्लॅट घेतलाय, त्याच्या कर्जाचं व्याज वर्षाला दोन लाखांच्या वर जातं. ऑफिसमधला मित्र म्हणतो, आईच्या नावाची 25 हजारांची भाडेपावती लाव, पैसे द्यायची गरज नाही, पन्नासेक हजार वाचतील, सगळेच करतात. सासरे म्हणतात ही सरळ चोरी आहे. खरं कुणाचं?

उत्तर: सासऱ्यांचं. पण आईला भाडं देणं हीच चोरी, असं मात्र मुळीच नाही. घर आईच्या मालकीचं आहे, तुम्ही तिथे राहता, दर महिन्याला तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात भाडं जातं, आणि ती ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवते, तर हे करनियोजन झालं. त्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे. पैसे न देता नुसती पावती लावली, तर ती करचुकवेगिरी. न घडलेला व्यवहार तुम्ही घडला म्हणून लिहून देता.

या दोन्हींच्या मधला प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. भाडेकरार केला, बँकेतून 25 हजार पाठवले, आणि पाच तारखेला आईने तेवढेच परत तुमच्या खात्यात टाकले. कागद सगळे चोख, पण पैसा फक्त फिरून आला. ही करटाळणी. आईने स्वतःच्या पैशातून नातवाची फी भरली किंवा किराणा आणला, तर त्याला कुणी हरकत घेणार नाही. पैसे तिचे आहेत. पण दर महिन्याला ठरल्याप्रमाणे तीच रक्कम परत येत असेल, तर अधिकारी विचारणारच की भाडं दिलं कुठे? करटाळणीविरुद्धचा ‘गार’ नावाचा कायदा करलाभ तीन कोटींच्या वर असेल तेव्हाच लागतो, त्यामुळे तो तुमच्यापर्यंत येणार नाही. तुमच्या बाबतीत व्यवहार खरा होता का, एवढाच प्रश्न असेल. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने 2017 मध्ये अशाच एका प्रकरणात आईला दिलेल्या भाड्याची सवलत नाकारली. भाडं रोख दिल्याचं सांगितलं होतं, पण दिल्याचा पुरावा नव्हता आणि त्या घरात राहत असल्याचाही नव्हता.

आता मित्राच्या पन्नास हजारांकडे येऊ, कारण तुमचा खरा निर्णय तिथे आहे. एचआरएची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नाशिकसाठी तीन आकडे काढायचे: मिळालेला एचआरए, पगाराच्या 40 टक्के, आणि दिलेल्या भाड्यातून पगाराच्या 10 टक्के वजा करून उरलेली रक्कम. पगार म्हणजे इथे बेसिक. यातला सगळ्यात लहान आकडा करमुक्त. तुमचे पहिले दोन आकडे 3 लाख 84 हजार आहेत. 25 हजारांनी वर्षाचं भाडं तीन लाख, त्यातून 96 हजार वजा, म्हणजे 2 लाख 4 हजार करमुक्त.

तुमचं वर्षाचं उत्पन्न 15 लाख 84 हजार. स्टँडर्ड डिडक्शन, 80सीचे दीड लाख, एनपीएसचे 50 हजार, आईच्या आरोग्य विम्याचे 50 हजार आणि गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख असं सगळं भरून वापरता, असं मी धरलंय. तरीही भाड्याशिवाय जुन्या प्रणालीत तुमचा कर 1 लाख 43 हजारांच्या आसपास येतो आणि 25 हजार भाडं धरल्यावर साधारण 92 हजार. मित्र याच दोघांतला फरक सांगतोय. पण 2025-26 च्या दरांनी नव्या प्रणालीत यातलं काहीही न दाखवता कर साधारण 1 लाख 10 हजार 600 येतो. म्हणजे पावतीमुळे खरी बचत फक्त 18 हजार 500.

आणि तीही भाडं 25 हजार असेल तर. मी उलटं गणित करून पाहिलं: भाडं महिना साडेसतरा हजारांच्या खाली गेलं की नवी प्रणालीच स्वस्त पडते. म्हणून आधी तुमच्या सोसायटीत तसाच फ्लॅट कितीला भाड्याने जातो ते विचारा. आई त्याच घरात राहते, त्यामुळे तुम्ही अख्ख्या घराचं नाही, तुमच्या वाट्याचं भाडं देताय. समजा, अख्खा फ्लॅट 18 हजारांना जात असेल, तर तुमच्या वाट्याचं भाडं 25 हजार कसं, याचं उत्तर देता येणार नाही. माझा अंदाज, नाशिकच्या बऱ्याच भागांत तुमचं प्रामाणिक भाडं साडेसतरा हजारांपर्यंत पोचणारच नाही. तसं असेल तर हा विषय सोडा आणि नव्या प्रणालीत राहा.

भाडं खरंच तेवढं असेल, तर जरूर द्या. करार करा, पैसे बँकेतून द्या, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्यामुळे कंपनीला आईचा पॅन द्या. तिच्या रिटर्नमध्ये भाड्यातून 30 टक्के वजावट मिळते. पेन्शन धरून तिचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास येईल. नव्या प्रणालीत त्यावर सूट मिळून कर शून्य होतो, पण उत्पन्न चार लाखांच्या वर असल्याने रिटर्न भरावाच लागतो. हाच रिटर्न लोक भरत नाहीत, आणि तिथेच पकडले जातात. तुमच्या कंपनीकडून पॅन जातो, आईच्या नावावर भाड्याचा मागमूस नसतो, आणि दोन्ही माहिती खात्याकडे एकाच पॅनवर जुळवता येते.

खोटी पावती उघडी पडली, तर तुम्ही जुन्या प्रणालीत अडकलेले असता. मुदत संपल्यावर नवी निवडता येत नाही. म्हणून साधारण 51 हजारांचा कर आणि त्यावरचं व्याज भरावं लागतं. शिवाय चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो, म्हणजे आणखी एक लाख दोन हजार. साडेअठरा हजारांसाठी दीड लाख पणाला लावण्याचा हा सौदा आहे. माझ्याकडे कुणी अशी पावती घेऊन आलं, तर मी रिटर्नचं काम घेत नाही.

तुमच्याकडे स्वतःची एफडी असेल, तर त्याहून सरळ मार्ग आहे. ती मोडून ते पैसे आईला बक्षीस म्हणून द्या आणि तिच्या नावावर एफडी करा. आईला दिलेल्या बक्षिसावर कर नाही आणि व्याज तिच्या उत्पन्नात धरलं जातं. बायकोच्या नावावर हेच केलंत, तर व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवतात, हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं. मात्र आईला दिलेले पैसे खरोखर तिचे होतात. तिच्या पश्चात त्यावर सगळ्या वारसांचा हक्क येतो. बँकेत तुमचं नॉमिनेशन असलं तरी तुम्ही एकटे मालक ठरत नाही. बहीण-भाऊ असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

आणि मित्राने मागच्या वर्षी अशी पावती लावली असेल, तर त्याला नोटिशीची वाट न पाहता अपडेटेड रिटर्न भरायला सांगा. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत भरला, तर कर आणि व्याजावर 25 टक्के जादा द्यावे लागतात. पुढच्या वर्षी हेच 50 टक्के होतात.