सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ आलं म्हणजे नक्की काय?

प्रश्न: मुलगी १७ वर्षांची, आम्ही खानापूरचे. पहिली पाळी तेराव्या वर्षी आली. आता दोन-दोन महिने येत नाही. मानेवर काळपट झालंय. बेळगावात सोनोग्राफी केली, रिपोर्टात ‘पीसीओडी’ लिहिलंय. हे पक्कं का? गाठी काढाव्या लागतील का?

उत्तर: ताई, काढायच्या गाठी नाहीतच त्या. दर महिन्याला अंडाशयात बीजाच्या बारीक पिशव्या वाढू लागतात. त्यातली एक पूर्ण पिकून फुटते, बीज बाहेर पडतं आणि साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. पीसीओडीत, ज्याला डॉक्टर पीसीओएसही म्हणतात, त्या अर्ध्यावरच थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच. बीजच सुटलं नाही, तर पाळी लांबते.

त्या अडतात कशाने, याचा धागा बऱ्याच मुलींत मानेवरच्या काळपटपणाशी जुळतो. तो मळ नव्हे, घासून जाणार नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त बनवतं, आणि त्याची खूण अशी कातडीवर उमटते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, जास्त करायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं, त्यामुळे ते रक्तात मोकळं फिरतं. हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमं जात नाहीत, बीज पिकत नाही. अंगाने बारीक मुलींतही हे होतं.

आता निदान. मोठ्या बाईत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची खूण आणि सोनोग्राफीतलं चित्र. तुमच्या मुलीला मात्र पहिल्या दोन्ही लागतील. पहिल्या पाळीनंतर ८ वर्षं सोनोग्राफी यात धरत नाहीत, कारण या वयात निरोगी मुलींचं अंडाशयही तसंच दिसतं. म्हणजे तिच्या एकविसाव्या वर्षापर्यंत त्या एका शब्दावर काही ठरवू नका.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटली की २१ ते ३५ दिवसांचं अंतर ठीक मानतात. तिचं साठाच्या घरात आहे, तेव्हा पहिली गोष्ट जुळली. दुसरीसाठी डॉक्टर केस आणि मुरुमं पाहतील, टेस्टोस्टेरॉन तपासतील. जाण्याआधी थ्रेडिंग केलं असेल तर तसं सांगा, नाहीतर खूण दिसणारच नाही. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यात टेस्टोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉनही तपासून घ्या. त्यांच्यातल्या बिघाडानेही असंच चित्र दिसतं, आणि उपचार वेगळे असतात. नुसती इन्सुलिनची महागडी तपासणी निदानाला लागत नाही. त्यापेक्षा उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघा. दोन तासांची १४०च्या खाली हवी.

दोनपैकी एकच गोष्ट जुळली, तर पीसीओएसचा शिक्का मारत नाहीत. ‘धोका आहे’ एवढंच नोंदवून त्रासावर उपचार करतात आणि पुढे पुन्हा तपासतात. पण पाळी ९० दिवसांवर गेली तर वाट बघू नका, लगेच दाखवा.