खालच्या दोन खोल्या आणि न सांगितलेला फ्लॅट

«साताऱ्यात आमच्या घराच्या तळमजल्यावर वडिलांच्या काळापासूनचे भाडेकरू आहेत. मुलाला तिथे दवाखाना काढायचा आहे. भाडं वेळेवर देतात, मोडतोड काही नाही. नुसती आपल्याला गरज आहे म्हणून जागा परत मिळते का? काय सिद्ध करावं लागतं?»

मी वकील नाही, पण पुण्यात लघुवाद न्यायालयात दोन दावे लढले आहेत. त्यातला पहिला माझ्याच चुकीने हरले, म्हणून लिहिते.

मिळते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम १६(१)(जी) त्यासाठीच आहे आणि मुलाची गरज ही मालकाचीच गरज धरली जाते. जागेची गरज वाजवी आणि प्रामाणिक असावी लागते. म्हणजे नुसती इच्छा पुरत नाही, पण अगदी रस्त्यावर येण्याची वेळही यावी लागत नाही. आपल्या मालकीच्या जागांपैकी कुठली आपल्याला सोयीची, हे ठरवायचा अधिकार बऱ्याच अंशी मालकाचाच, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे.

याच वाक्याच्या भरवशावर मी फसले. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर आम्ही, खाली दोन खोल्यांत भाडेकरू. आईचे गुडघे गेलेले, जिना चढवेना. गरज शंभर टक्के खरी होती. पण सिंहगड रस्त्यावर भावाच्या आणि माझ्या नावावर एक फ्लॅट होता, तो लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला. वादपत्रात आम्ही त्याचा उल्लेखच केला नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईला त्याचा उपयोग शून्य. मग सांगायचं कशाला, असा विचार. उलटतपासात समोरच्या वकिलांनी इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या दस्तनोंदणीचा उतारा, काढून पुढे ठेवला आणि विचारलं, «हा फ्लॅट तुमचा आहे, हे खरं आहे का?» मला हो म्हणावं लागलं. पुढे लिफ्टचं कितीही सांगितलं तरी उपयोग झाला नाही, कारण जे वादपत्रात नाही त्यावरचा पुरावा कोर्ट सहसा विचारात घेत नाही. माहिती दडवली, म्हणून गरज प्रामाणिक नाही, या मुद्द्यावर दावा फेटाळला. चार वर्षं गेली. तोच फ्लॅट आधी लिहून «लिफ्ट नाही, म्हणून निरुपयोगी» एवढी एक ओळ टाकली असती, तर तोच आमच्या बाजूचा पुरावा ठरला असता.

वादपत्रात दुरुस्ती करता येते, पण साक्षी सुरू झाल्यावर «आधी का नाही सुचलं?» हे पटवणं फार जड जातं. म्हणून तुमच्या घरच्यांच्या नावावरची प्रत्येक जागा, भाड्याने दिलेलीसुद्धा, पहिल्याच दिवशी लिहा आणि ती दवाखान्याला का चालत नाही तेही लिहा. मुलाची पदवी, नोंदणी, तो सध्या कुठे काम करतो, हे सगळं घाला. साक्षीला त्यालाच उभं करा. सक्ती नसेलही, पण ज्याला जागा हवी तोच गप्प बसला तर शंका येते, असं माझं ठाम मत आहे.

लोक विसरतात तो दुसरा अडथळा कलम १६(२). गरज सिद्ध झाल्यावरही कोर्ट तोलून बघतं, की हुकूमनामा दिला तर भाडेकरूचे हाल जास्त, की नाकारला तर मालकाचे. भाडेकरूला दुसरी जागा आहे का, त्याने ती शोधली तरी का, हे इथे येतं. आई घरात पडल्यावर, बदललेल्या परिस्थितीच्या आधारे आम्ही दुसरा दावा लावला. त्यात भाडेकरूंनी उलटतपासात कबूल केलं की त्यांनी एकही जागा पाहिली नव्हती. पारडं आमच्याकडे झुकलं ते तिथे. त्यांच्या मुलाच्या नावावर घर आहे हे दाखवायला पालिकेचा कर आकारणी उतारा हवा होता, तर त्या कार्यालयाने तो द्यायला सात महिने लावले. दर खेपेला नवीन माणूस आणि नवा अर्ज. मला अजूनही त्याचा राग येतो. तुम्ही हे कागद दावा लावायच्या आधीच जमवा.

थोड्या जागेवर दोघांचंही भागत असेल तर कोर्ट तेवढ्याच भागाचा हुकूमनामा देतं. म्हणून दवाखान्याला किती खोल्या लागतात आणि का, हे नेमकं सांगा. बाहेरची बसायची जागा, तपासणी, औषधं, असं मोजून.

आणि एक, ताबा मिळाल्यावर. कलम १७ प्रमाणे महिन्याभरात जागा वापरात आली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून परत जागा मागू शकतो. नूतनीकरण लांबणार असेल तर वकिलांना आधी विचारा. आम्ही आईची खाट दुसऱ्याच आठवड्यात खाली आणली, रंग नंतर दिला.