फॉर्म १६ वरचं वर्ष आणि इथलं वर्ष

«दादा, आम्ही येत्या ऑगस्टमध्ये गोव्याहून जर्मनीला येतोय. आमचे मिस्टर वेर्ण्याला नोकरीला आहेत आणि हरमलला आमच्या दोन खोल्या सीझनला भाड्याने जातात. तिथे मुलांच्या शाळेत मागच्या वर्षाचं उत्पन्न विचारतात म्हणे. आमच्याकडे फॉर्म १६ आणि रिटर्न आहे, दोन्ही एप्रिल ते मार्चचं. तेच दिलं तर चालेल ना?»

नाही ताई, चालणार नाही. व्हिसा, भाषेची परीक्षा, विमा हे सगळं दूतावासाच्या पानावर व्यवस्थित लिहिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. पण तुमचा हा प्रश्न वाचला आणि मला कपाटातली जुनी फाईल काढावीशी वाटली. त्यात एक पत्र आहे, ते मी अजून फाडलेलं नाही.

आम्ही १२ ऑगस्ट २०२३ ला निघालो, चवथ महिन्यावर आलेली असताना. मीही वेर्ण्यालाच होतो, औषधांच्या कारखान्यात. मुलगी सहा वर्षांची, इथे थेट पहिलीत. इथल्या बऱ्याच शाळांत सकाळचे तास सुटले की मुलं दुपारी तिथेच थांबतात, जेवतात, गृहपाठ करतात, खेळतात. नव्या मुलाची भाषा खरी तिथेच सुटते. आमच्या गावात त्याचे पैसे पालकांच्या उत्पन्नावर ठरतात. फेब्रुवारी २०२४ ला तिला जागा मिळाली आणि फॉर्म आला: २०२३ या वर्षातलं एकूण उत्पन्न, जगात कुठेही मिळालेलं.

माझ्याकडे जो फॉर्म १६ होता त्यावर ठळक अक्षरांत असेसमेंट इयर २०२३-२४ असं होतं. तेवीस साल विचारलंय, कागदावर तेवीस आहे, म्हणून मी तो भाषांतर करून जोडला. आपल्याकडे असेसमेंट इयर म्हणजे कर ठरवायचं वर्ष, कमाईचं नव्हे. कमाई त्याच्या आधीच्या वर्षाची, म्हणजे एप्रिल २०२२ ते मार्च २०२३. खाली बारीक अक्षरांत तो कालावधी छापलेलाही होता. माझ्या नऊ लाख चोवीस हजारांपैकी २०२३ सालचे फक्त तीन महिने होते.

फॉर्म तपासणाऱ्या बाईंनी तो बारीक कालावधी वाचला. त्यांचं पत्र आलं: हे २०२२ चं दिसतंय, एप्रिल २०२३ नंतरचं कुठे आहे? मला पत्र नीट कळलं नाही. त्यांना कागदावर विश्वास नाही असं वाटून मी तोच कागद पुन्हा नोटरीचा शिक्का मारून पाठवला. मग निर्णय आला की उत्पन्न सिद्ध केलेलं नाही, म्हणून सगळ्यात वरचा दर, महिना १९० युरो. हरकत घ्यायला एक महिना होता, तो पत्र समजून घेण्यातच गेला. दोन महिने पैसे भरले आणि मुलीला दुपारच्या गटातून काढलं. ती साडेअकराला घरी यायची, तिला आणायला बायकोने भाषेचा वर्ग सोडला, आणि पुन्हा जागा मिळायला वर्ष गेलं. मुलगी आता भाषा उत्तम बोलते. तरी वाढदिवसाला कोणाला बोलवायचं विचारलं की ती दोनच नावं घेते, आणि मला ते साल आठवतं.

ज्या गोष्टीने सगळं सुटलं असतं ती तर आमच्या हातातल्याच कागदावर होती. त्या उन्हाळ्यात २०२३ चं इथलं कर-विवरण भरायला बसलो. इथे कर-वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तुम्ही वर्षाच्या मध्ये आलात तर येण्याआधीची भारतातली कमाईही सांगावी लागते. त्यावर इथे कर लागत नाही, पण तुमच्या इथल्या पगाराला कोणत्या दराने कर लावायचा हे ठरवताना ती मोजली जाते. म्हणजे हा आकडा जास्त गेला तर थेट खिशातून पैसे जातात. तोपर्यंत आर्थिक वर्ष २०२३-२४ चा, म्हणजे एप्रिल २०२३ नंतरचा, दुसरा फॉर्म १६ ईमेलने आला होता. बायकोने दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले आणि म्हणाली, «अहो, हे तर तिमाहीने दिलंय.»

फॉर्म १६ च्या भाग अ मध्ये एक छोटा तक्ता असतो. एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, आणि प्रत्येक तिमाहीपुढे दिलेली रक्कम. आपलं आर्थिक वर्ष आणि इथलं वर्ष यांत बरोब्बर एका तिमाहीचा फरक आहे. जुन्या फॉर्मची शेवटची तिमाही घ्या, नव्या फॉर्मच्या पहिल्या तीन घ्या, झालं जानेवारी ते डिसेंबर.

माझा हिशेब असा होता. मार्च २०२३ पर्यंत पगार ७२,०००, आणि मार्चमध्ये ६०,००० बोनस. म्हणून जुन्या फॉर्मच्या शेवटच्या तिमाहीत २,७६,०००. एप्रिलपासून पगार ७८,०००, म्हणून नव्या फॉर्मच्या पहिल्या तिमाहीत २,३४,०००. पुढच्या तिमाहीत फक्त जुलैचे ७८,०००. एकूण ५,८८,०००. युरोला ९० रुपये धरले तर साडेसहा हजारांच्या थोडे वर. मी आधी दिलेले ९,२४,००० याच भावाने दहा हजारांच्या वर जातात. बोनस कुठे पडला तेही बघा: मार्चमधला बोनस दोन्ही वर्षांत मोडतो, पण तोच एप्रिलमध्ये मिळाला असता तर जुन्या फॉर्मवर दिसलाच नसता. म्हणून वर्षाच्या आकड्याला बाराने भागून तीनने किंवा सातने गुणू नका. मी तोही प्रयत्न केला होता, आणि तो आकडा कुठल्याच पावतीशी जुळला नाही.

आता तुमच्याबाबतीत अडचण कुठे येईल ते सांगतो. तुम्ही ऑगस्टमध्ये निघणार, म्हणजे जानेवारी ते मार्च एका फॉर्ममध्ये आणि एप्रिल ते जुलै दुसऱ्यात. हा दुसरा फॉर्म पुढच्या वर्षी जूनमध्ये येईल, आणि शाळा किंवा नगरपालिका तोपर्यंत थांबत नाही. शिवाय ज्यांचा टीडीएस कापलाच जात नाही त्यांच्या भाग अ मध्ये तिमाही आकडे असतीलच असं नाही. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर बसत नाही, म्हणून असे लोक आता पुष्कळ असणार. तेव्हा मिस्टरांना शेवटच्या आठवड्यात एचआरकडून एक पत्र घ्यायला सांगा: जानेवारीपासून निघेपर्यंत दर महिन्याचा ढोबळ पगार आणि तो दिल्याची तारीख, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह. सोबत सगळ्या पगारपावत्या. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात असेसमेंट इयर हा शब्द गेला आणि टॅक्स इयर आला, त्यामुळे माझ्यासारखी चूक कमी होईल. पण ते टॅक्स इयरही एप्रिल ते मार्चच आहे, हे विसरू नका.

खोल्यांचं मात्र उलट आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पगार तिथला थांबेल पण खोल्या चालूच राहतील. हरमलचा सीझन ऑक्टोबर ते मार्च. आपल्या आर्थिक वर्षात तो अख्खा बसतो. म्हणून तुमच्या तोंडी «गेल्या वर्षी» म्हणजे गेला सीझन, आणि रिटर्नमध्येही तोच. इथलं वर्ष तो मधोमध कापतं: जानेवारी ते मार्च हे सरत्या सीझनचं शेपूट आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ही पुढच्या सीझनची सुरुवात. समजा एका सीझनला तीन लाख मिळाले आणि पुढचा मंदा गेला, तर इथला आकडा बहुधा दोन्हींच्या मधला कुठला तरी येईल आणि तुमच्या कुठल्याच रिटर्नशी जुळणार नाही. तो जुळू नयेच. कोणी विचारलं तर घाबरून रिटर्नचा आकडा देऊ नका.

त्यासाठी खोल्यांचं वेगळं बँक खातं ठेवा आणि स्टेटमेंट १ जानेवारी ते ३१ डिसेंबरचं काढा. रोख घेतलेले पैसे त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहा. जानेवारीत राहायला येणाऱ्याने डिसेंबरमध्ये ॲडव्हान्स पाठवला तर तो डिसेंबरचा, कारण इथे साधारणपणे पैसा हातात कधी आला ते बघतात. खर्चाचंही तसंच. पंचायतीची घरपट्टी एप्रिल ते मार्चची असली तरी ज्या तारखेला भरली त्या वर्षात धरा, आणि पावती ठेवा. चुना, नळ, गाद्या हे खर्च आपण पावसानंतर सप्टेंबरात करतो. इथल्या हिशेबात ते त्याच वर्षात पडतात, पण ज्या सीझनसाठी केले त्याची अर्धी कमाई पुढच्या वर्षात जाते.

रुपयांचे युरो करताना युरोपियन सेंट्रल बँकेचा दर घ्या, तो कामकाजाच्या दिवशी रोज जाहीर होतो. मी महिन्यागणिक दर घेऊन प्रत्येक रकमेपुढे लिहिला होता, तेव्हा परत कोणी काही विचारलं नाही. आणि आकडा कुठेही द्याल तिथे शेजारी दोन तारखा लिहा, कधीपासून कधीपर्यंत. नुसतं २०२५ किंवा २०२५-२६ लिहू नका.

आणखी एक. आयकराच्या पोर्टलवर २६एएस मध्ये टीडीएस कापलेल्या रकमा तारखेने दिसतात, तो मोठा आधार आहे. पण पासवर्ड विसरलात तर ओटीपी भारतातल्या मोबाईलवर जातो. माझं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलं होतं. फोंड्याच्या दुकानात मीच हजर असल्याशिवाय ते मिळेना. तीन महिने गेले.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. पहिल्या चवथीला मी पडद्याच्या दांड्याला माटोळी बांधली, काकडी, सफरचंद आणि मक्याचं एक कणीस. बाबांना व्हिडिओवर दाखवली. ते बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, «सुपारीचा घड नाही रे.» त्यावर अधिक लिहीत नाही.

काजूचं राहिलं. आमची बागायत बाबांच्या नावावर आहे म्हणून मला ते दाखवावं लागलं नाही. तुमच्या नावावर काही असेल तर शेतीचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे त्यावर आयकर नाही, पण इथे विचारतात ते उत्पन्न, आणि फेब्रुवारी ते मे हा हंगाम आपल्या ३१ मार्चला तुटतो, इथल्या वर्षात अख्खा येतो. बोंडू विकल्याच्या चिठ्ठ्या तारखेसह घेऊन या. शाळेत मुलाला दुपारची जागा मिळाली की त्याच दिवशी मला कळवा, फॉर्म भरायच्या आधी. पत्र आलं तर फोटो पाठवा, मी वाचून सांगतो.