नारळी पौर्णिमेचा संदेश पाठवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद. खारवी आणि गाबीत मित्रांना पाठवायचा तुझा मजकूर वाचला. 'समस्त कोळी बांधवांना शुभेच्छा! दर्या शांत झाला, आजपासून मासेमारी सुरू!' तुझी माया खरी आहे, पण या दोन ओळींत तीन गोष्टी खटकल्या.

'कोळी' हा शब्द मुंबईकडचा. आपल्या गोव्यात ही माणसं स्वतःला खारवी म्हणतात, पेडण्याकडे गाबीत. आणि या दिवसाला घरोघरी 'सुतां पुनव' म्हणतात, तेही नाव संदेशात येऊ दे.

'आजपासून सुरू' हेही बरोबर नाही. यांत्रिक बोटींची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी तारखेने चालते, पौर्णिमा मात्र तिथीने येते. 2024 मध्ये ती 19 ऑगस्टला होती, 2023 मध्ये अधिक मासामुळे थेट 30 ऑगस्टला. म्हणजे तोवर ट्रॉलर कधीच बाहेर पडायला मोकळे झालेले असतात. नारळ देतात तो दर्याचा मान म्हणून. कायद्याने वाट मोकळी केली, तरी दर्यालाही विचारावं लागतं, असं मी तरी मानतो.

'दर्या शांत झाला' हे मात्र मला सर्वांत जास्त लागलं. पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, त्यामुळे त्या सुमाराला उधाणाची भरती असते आणि ओहोटीही तितकीच खोल. पाणी जोरात आत येतं आणि जोरात बाहेर जातं. शापोऱ्यासारख्या नदीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून पावसाळी लाटा आत येतात, आणि दोन्ही त्या वाळूवर भिडले की लाट उभी राहून फुटते. लहान होडी पालथी होते ती बहुधा तिथेच, घर डोळ्यांसमोर दिसत असताना. शांत होतो तो वारा, आणि तोही हळूहळू, ऑगस्टच्या शेवटापासून पुढे. मुखाशी पांढऱ्या फेसाची रेघ दिसली की जाणता तांडेल भरतीची वाट बघत थांबतो. थांबणं हेसुद्धा त्याचं काम आहे, आणि त्या दिवसाची मिळकत बुडते.

म्हणून भरपूर मासळीच्या आधी सुखरूप परतीचं माग. मी असं लिहीन:

'आज सुतां पुनव. दर्याला नारळ देताना आमचाही नमस्कार सांगा. जे पाण्यात उतरतील ते सगळे मुखाच्या आत सुखरूप येवोत, आणि येताना जाळी भरलेली असोत. पहाटे धक्क्यावर मासळी निवडून पाटी बाजारात नेणाऱ्या मावशींनाही नमस्कार.'

मावशींना विसरू नकोस. तुझ्या मजकुरात त्या नव्हत्याच.

ख्रिस्ती खारवी मित्रांनाही हा पाठव, पण 29 जूनला, सांगोडाच्या दिवशी, त्यांची आठवण वेगळी ठेव. होड्या जोडून त्यावर तरंगता मांडव उभारतात, तो त्यांचा आपला सण.

आणि सकाळीच पाठव. संध्याकाळी सगळे नारळ घेऊन किनाऱ्यावर असतील.

तुझा,
काका