एजिंग रिपोर्टवर एनआरव्ही ठरवू नका

प्रश्न: आर्टिकलशिप चालू आहे, क्लायंट इंजिनिअरिंगवाला. स्लो मूव्हिंग स्टॉकची एनआरव्ही नक्की कशी तपासायची? आणि यंदा ते फिफोवरून वेटेड ॲव्हरेजवर गेलेत, ते चालतं का?

तुमच्या सिनिअरने "एजिंग काढ, दोन वर्षांवरच्या मालाला पंचवीस टक्के लाव आणि फाइल बंद कर" असं सांगितलं असणार, पैज लावतो. मलाही हेच सांगायचे आणि याच्यावरून माझं आमच्या साहेबांशी जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका फर्ममध्ये होतो तेव्हाची गोष्ट. क्लायंट मकरपुरा जीआयडीसीतला, व्हॉल्व्ह बनवणारा. एजिंग रिपोर्ट एकदम चकाचक, जवळजवळ सगळा माल नव्वद दिवसांच्या आतला. स्टोअरला गेलो तर मागच्या शेडमध्ये लाकडी पॅलेटवर स्टेनलेस स्टीलच्या व्हॉल्व्ह बॉडी रचलेल्या, वर बोटभर धूळ, आणि पॅलेटवर पिवळ्या रंगाने लिहिलेला जॉब नंबर तीन वर्षांपूर्वीचा. स्टोअरकीपर काका आपलेच मराठी, रावपुऱ्यातले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अरे बाळा, ती ऑर्डर कॅन्सल झाली ना, तेव्हापासून पडलंय." बिन कार्ड काढून दाखवलं, प्रॉडक्शनला शेवटचा इश्यू तीन वर्षांमागे. मग रिपोर्टमध्ये नवीन कसा? तर 28 मार्चला एक स्टॉक जर्नल, मेन स्टोअरमधून शेड 2 मध्ये ट्रान्सफर. माल जागचा हलला नव्हता, सॉफ्टवेअरने मात्र ती तारीख नवीन आवक म्हणून धरली. कारण पण उघड होतं, त्यांची बँक नव्वद दिवसांपुढचा माल ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे स्टॉकवर किती कर्ज उचलता येईल त्या हिशोबात, धरत नव्हती.

म्हणून पहिलं काम, त्या आयटमचं पूर्ण स्टॉक लेजर काढा आणि व्हाउचर टाइप बघा. मूव्हमेंट म्हणजे फक्त विक्री आणि प्रॉडक्शनला इश्यू, बाकी ट्रान्सफर, रीकोडिंग, ॲडजस्टमेंट सगळं वगळा आणि मग वय मोजा.

आता एनआरव्ही, म्हणजे विक्रीच्या भावातून माल पूर्ण करायचा आणि विकायचा खर्च वजा जाता हातात उरणारी रक्कम. 240 बॉडी होत्या, पुस्तकात 6,500 रुपये नगाने 15 लाख 60 हजार. शेठ म्हणाले, "साहेब, लोखंड छे, एमां शुं बगडवानुं?" आणि मे महिन्याचं एक बिल पुढे केलं, 9,000 रुपये नग, म्हणजे कॉस्टच्या वर, विषय संपला. वर्षअखेरीनंतरची विक्री हा एनआरव्हीचा चांगला पुरावा असतो हे खरंच आहे, पण बिल वाचायचं असतं. ते चार नगांचं होतं, आणि विकलेला होता पूर्ण व्हॉल्व्ह, नुसती बॉडी नाही. उरलेल्या बॉडीला ट्रिम, स्टेम, असेंब्ली, टेस्टिंग धरून अजून 3,100 लागणार होते, वर कमिशन आणि भाडं 400. म्हणजे 9,000 मधून 3,500 गेले, हातात 5,500. कॉस्टच्या खालीच.

आणि हा 5,500 सुद्धा सगळ्या नगांना लावता येत नाही, इथेच बहुतेक लोक घसरतात. हा साइज फक्त स्पेअरमध्ये जायचा, विक्री रजिस्टर बघितलं तर वर्षाला साधारण 20 नग. मॅनेजमेंटला अगदी झुकतं माप देऊन पुढच्या दोन वर्षांचे 40 नग धरले, ते झाले 2 लाख 20 हजार. उरलेले 200 कोण घेणार? हातात ऑर्डर नाही, चौकशीचा एक मेल नाही. बॉडी 18 किलोची, भंगारवाल्याचा तेव्हाचा भाव किलोला 120, म्हणजे नगाला 2,160, एकूण 4 लाख 32 हजार. सगळं मिळून 6 लाख 52 हजार. राइट डाउन 9 लाख 8 हजार.

साहेब म्हणाले, "तू ऑडिटर आहेस, भंगारवाला नाहीस, पंचवीस टक्के लावून टाक." पंचवीस टक्क्याने 3 लाख 90 हजार झाले असते, आणि क्लायंटच्या एजिंगवर विसंबलो असतो तर शून्य, कारण माल कागदावर तीन दिवसांचा होता! एएस 2 म्हणतं आयटमवार बघा, टक्क्याचा पट्टा त्यात कुठेच नाही. बरीच बाचाबाची होऊन शेवटी पूर्ण राइट डाउन झाला, शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या बऱ्याचशा बॉडी भंगारातच गेल्या. साहेब अजूनही म्हणतात की तो योगायोग.

फिफोचं थोडक्यात सांगतो. भाव कुठे चाललेत ते आधी बघा. समजा ओपनिंग 10 टन बार 90 रुपये किलोने, वर्षात 30 टन घेतला 70 ने, शेवटी 10 टन उरला. फिफोने क्लोजिंग 7 लाख, वेटेड ॲव्हरेजने 75 चा भाव पडतो म्हणजे साडेसात लाख. नफा पन्नास हजारांनी फुगला, काहीही न विकता. भाव पडत असताना कोणी ॲव्हरेजवर उडी मारली की माझे कान टवकारतात. दोन्ही पद्धती चालतात, पण एकीवरून दुसरीवर जायला एएस 5 प्रमाणे कारण लागतं, कायदा, स्टँडर्ड किंवा जास्त योग्य मांडणी, आणि किती फरक पडला तो नोटमध्ये लिहावा लागतो. "नवीन सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट तेच होतं" हे कारण नाही. त्यांना यंदाचा स्टॉक दोन्ही पद्धतीने काढून द्यायला सांगा, का-कू करायला लागले तर समजून जा. एकाच प्रकारच्या मालाला एका शेडमध्ये फिफो आणि दुसऱ्यात ॲव्हरेज असं तर नाही ना, तेही बघा. क्लायंट इंड एएसवाला असेल तर मागच्या वर्षाचे आकडेसुद्धा नव्या पद्धतीने परत मांडावे लागतात.

हां, दोन गोष्टी राहिल्या. स्लो मूव्हिंग म्हणजे आपोआप एनआरव्ही कमी असं नाही, जुन्या मशीनचे काही स्पेअर पाच वर्षांनी तिप्पट भावाने जातात. आणि कच्च्या मालाचा बाजारभाव पडला म्हणून लगेच खाली आणू नका, त्यातून बनणारा माल कॉस्टला किंवा वर विकला जाणार असेल तर कच्चा माल कॉस्टलाच राहतो. पण माझ्या त्या उरलेल्या 200 बॉडींसारखा, ज्यातून काही बनणारच नाही, त्याला ही सवलत नाही.

नट-बोल्ट, गॅस्केट असे हजारो किरकोळ आयटम असतील तर तिथे मात्र टक्का लावायला माझी हरकत नाही, प्रत्येक बोल्टची एनआरव्ही कोण काढत बसणार. फक्त तो पंचवीस आला कुठून ते सिनिअरला विचारा, आणि गेल्या तीन वर्षांत त्या गटातला माल शेवटी किती भावाला गेला याचं वर्किंग फाइलला लावायला सांगा.