चार वाद आणि सांगलीचा पूर

बीएडच्या पेपरात चिरंतनवाद, सारतत्त्ववाद, प्रगतिवाद आणि पुनर्रचनावाद या शिक्षणविषयक चार वादांची ‘तुलना करा’ असलं की चार व्याख्या ओळीने लिहू नकोस. एकच घटक चौघांतून फिरव. सांगलीचा २०१९ चा महापूर घे.

चिरंतनवादी हचिन्स अभिजात ग्रंथांतून माणूस-निसर्ग नात्याची चर्चा घडवेल. सारतत्त्ववादी बॅगले नदीखोरं, आलेखवाचन पद्धतशीर शिकवून चाचणी घेईल. प्रगतिवादी ड्यूईच्या वर्गात आयर्विन पुलाच्या पाणीपातळीच्या नोंदी पाहून मुलंच प्रश्न काढतील.

मार्क जातात ते पुढे: प्रगतिवाद आणि पुनर्रचनावाद एकच समजले जातात. पुनर्रचनावादी काउंट्सने १९३२ मध्ये प्रगतिवाद्यांनाच सुनावलं, की मुलाच्या आवडीपाशी थांबू नका, शाळेनं समाज बदलायला हवा. त्याच्या वर्गातली मुलं पूररेषेतल्या बांधकामांचा अभ्यास करून महापालिकेकडे मागणी मांडतील. हा फरक स्वतंत्र परिच्छेदात लिही.